रुंद केलेला रस्ता पुन्हा का भरतो: एका लूप-आकृतीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवून झाल्या. मोजल्या तर एक्केचाळीस निघाल्या. प्रश्न एकच ठेवला आहे: शहर वाढतंय, मुख्य रस्ता रुंद केला, दोन-तीन वर्षं सुटल्यासारखं वाटलं आणि मग कोंडी पुन्हा जागेवर हजर. असं का होतं, हे कॉझल लूप आकृतीत दाखवायचं, म्हणजे कारणाकडून परिणामाकडे बाण काढत चक्र पूर्ण करायचं. शहर काल्पनिक धरलंय. मध्यभागी कामधंद्याचा भाग, तिथे जाणारा एक मुख्य रस्ता, दुसऱ्या टोकाला पसरत जाणाऱ्या वसाहती आणि त्याच रस्त्यावरून धावणारी बस. आकडे लागतील तिथे आपणच गृहीत धरायचे आणि गृहीत आहेत असं स्पष्ट लिहायचं.

दुपारपर्यंत निम्म्या चिठ्ठ्या खाली उतरवल्या. ‘चुकीचं नियोजन’, ‘लोकांची बेशिस्त’, ‘उड्डाणपूल’. आकृतीत शब्द असा हवा की तो वाढला किंवा घटला असं म्हणता आलं पाहिजे. उड्डाणपूल वाढत-घटत नाही, तो निर्णय आहे. वाढते ती रस्त्याची क्षमता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘कोंडी’ या शब्दावर. तो सगळ्यांनाच हवा होता, पण एकाला त्यातून रस्त्यावरच्या गाड्यांची संख्या म्हणायची होती, दुसरीला सिग्नलवरची रांग, तिसऱ्याला घरी पोचायला होणारा उशीर. शेवटी कोंडी हा शब्द आकृतीतून हद्दपार केला आणि त्याजागी दोन शब्द घेतले: ‘रस्त्यावरची वाहतूक’ आणि ‘प्रवासाला लागणारा वेळ’. पहिला कारण, दुसरा परिणाम. एका शब्दात दोन्ही कोंबले की बाण कुठून काढायचा तेच कळत नाही.

५ जून

पहिलं चक्र काढलं. सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून असतं तेच: प्रवासाला वेळ जास्त लागला की तक्रारी वाढतात, तक्रारींनी रुंदीकरणाची कामं निघतात, कामांनी क्षमता वाढते, क्षमतेने वेळ कमी होतो.

बाणांवरच्या खुणांची पद्धत इथे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. कारण वाढलं की परिणामही वाढत असेल तर बाणाला अधिक. कारण वाढल्यावर परिणाम घटत असेल तर उणे. अधिक म्हणजे चांगलं आणि उणे म्हणजे वाईट, असं काही नाही. वर्तुळ पूर्ण झाल्यावर उणे मोजायचे. उणे विषम असतील तर ते बॅलन्सिंग लूप, म्हणजे झालेला बदल मागे खेचणारं चक्र. सम असतील किंवा एकही नसेल तर रीइन्फोर्सिंग, बदलाला आणखी पुढे ढकलणारं. आपल्या चक्रात उणे एकच आहे, क्षमतेकडून वेळेकडे जाणारा. म्हणजे बॅलन्सिंग. नाव ठेवलं ‘रुंदीकरण’. तक्रारी आणि कामं यांच्यामधल्या बाणावर उशिराची खूण म्हणून दोन जाड आडव्या रेघा मारल्या, कारण तक्रार आज होते आणि रस्ता काही वर्षांनी होतो.

वाद झाला तो एका अधिकच्या खुणेवरून. मैत्रिणीने विचारलं, “कामं वाढली की क्षमता वाढते, मान्य. पण कामं कमी झाली तर रस्ता अरुंद होतो का?” होत नाही. आणि मग अधिकची खूण खोटी ठरते का, म्हणून आम्ही अर्धा तास अडकलो. उत्तर असं की अधिकचा अर्थ थोडा सैल धरावा लागतो: कामं कमी झाली तर क्षमता, एरवी जितकी झाली असती, तितकी होत नाही. कामं हा नळ आहे आणि क्षमता ही टाकी. नळ बारीक केला म्हणून टाकीतलं पाणी उतरत नाही. म्हणून ‘क्षमता’ या शब्दाभोवती चौकट काढली. ही टाकी फक्त भरत जाते, तिला रिकामं करणारा नळच आपल्या आकृतीत नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे कामाला येईल असं वाटतंय.

९ जून

आज दुसरी बाजू. वेळ कमी झाल्यावर लोक काय करतात?

१९६२ मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी शहरी एक्सप्रेसवेबद्दल मांडलं होतं की गर्दीच्या वेळची वाहतूक नव्या क्षमतेला भिडेपर्यंत वाढत जाते. का, याचं त्यांनी नंतर दिलेलं स्पष्टीकरण आम्हाला जसंच्या तसं उपयोगी पडलं. रस्ता मोकळा झाला की तीन ठिकाणांहून लोक येतात. गर्दी टाळायला आडवाटेने जाणारे मुख्य रस्त्यावर परततात. गर्दी टाळायला लवकर निघणारे किंवा उशिरा जाणारे पुन्हा ऐन वेळेला निघतात. आणि बसने जाणारे गाडी काढतात. यातल्या एकालाही नव्याने प्रवासाची हौस आलेली नाही. कोंडीनेच त्यांना बाजूला सारलं होतं, ती हटली आणि ते आत आले.

म्हणजे चक्र असं: वेळ कमी झाला की गाडीने जाण्याची ओढ वाढते (उणे), ओढ वाढली की वाहतूक वाढते (अधिक), वाहतूक वाढली की वेळ वाढतो (अधिक). उणे एक. हेही बॅलन्सिंगच! नाव ‘मोकळा दिसला की निघा’.

इथे मी स्वतः थबकलो. हे चक्र कोंडीला आवर घालतंय. वेळ फार वाढला की लोक आपोआप मागे सरतात, म्हणून तर शहर कधी पूर्ण गोठत नाही. पण वेळ कमी झाला तर तेच चक्र त्याला वर ओढतं. म्हणजे कोंडी स्वतःच एक प्रकारचं राशनिंग करत होती आणि रुंदीकरणाने आपण ते राशनिंग उठवलं.

११ जून

नुसत्या बाणांनी समाधान होईना म्हणून एक छोटं गणित केलं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सचं १९६४ पासून वापरात असलेलं सूत्र घेतलं:

```
t = t0 * (1 + 0.15 * (v/c)^4)
```

`t0` म्हणजे रिकाम्या रस्त्यावर लागणारा वेळ, `v` म्हणजे तासाला त्या रस्त्याने जाऊ पाहणाऱ्या गाड्या, `c` म्हणजे क्षमता. आम्ही `t0` २० मिनिटं धरला, क्षमता २००० आणि मागणी २८००. भागाकार १.४, त्याचा चौथा घात ३.८४, आणि वेळ येतो ३१.५ मिनिटं. आता रस्ता रुंद करून क्षमता ३००० केली. वेळ २२.३ मिनिटांवर आला. नऊ मिनिटं वाचली, उद्घाटनाच्या दिवशी टाळ्या मिळणारच.

वेळ परत ३१.५ वर कधी जाईल? भागाकार पुन्हा १.४ होईल तेव्हा, म्हणजे मागणी ४२०० झाली की. लोकसंख्येमुळे मागणी दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढते असं धरलं तर तिथे पोचायला जवळपास १४ वर्षं लागतील. ओढीच्या चक्रामुळे तीच वाढ ६ टक्के झाली, तर ७ वर्षं. हे दोन्ही दर गृहीत आहेत, आकृतीतून ते निघत नाहीत. पण फरक कुठे पडतो ते दिसलं. चक्र रस्त्याला निकामी करत नाही, त्याचं आयुष्य निम्म्यावर आणतं.

सूत्राची मर्यादाही लिहून ठेवतो. मागणी क्षमतेच्या वर गेली की प्रत्यक्षात गाड्यांची रांग लागते आणि ती पुढच्या तासात उतरते. हे सूत्र रांग मोजत नाही, एका तासाचा गुळगुळीत अंदाज देतं. तुलनेला चालेल, सिग्नलची वेळ ठरवायला नाही.

आणखी एक. गटात कुणीतरी म्हणालं, “म्हणजे रस्ता बांधणं फुकट गेलं.” नाही गेलं. शेवटी त्याच ३१.५ मिनिटांत आधीपेक्षा दीडपट गाड्या जातायत. कुणाला तरी कुठेतरी जायचं होतं आणि आता जाता येतंय. फक्त ‘वेळ वाचेल’ हे जे सांगितलं होतं ते टिकलं नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

१५ जून

आजची चूक माझी.

वसाहतींचं चक्र काढलं. रस्ता जलद झाला की तेवढ्याच वेळात लांबवर पोचता येतं, म्हणून लोक लांब घरं घेतात, लांबून गाडीने येतात आणि वाहतूक वाढते. याच्या मध्यभागी मी ठळक अक्षरात ‘रीइन्फोर्सिंग’ लिहून टाकलं, कारण ते मला दुष्टचक्र वाटत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी सरांना आकृती दाखवली. निवृत्त वाहतूक अभियंता आहेत, फार बोलत नाहीत. पेन्सिल हातात घेऊन म्हणाले, “बोट ठेव आणि मोठ्याने वाच.” वाचलं. वेळ वाढला की तेवढ्या वेळात पोचता येणारं क्षेत्र घटतं, उणे. क्षेत्र वाढलं की कडेच्या वसाहती वाढतात, अधिक. वसाहती वाढल्या की वाहतूक वाढते, अधिक. वाहतूक वाढली की वेळ वाढतो, अधिक.

“उणे किती?”

एक.

“मग दुष्टचक्र कसलं? हेही तुझं मागे खेचणारंच आहे. वेळ वाढला तर लांब राहायला जाणं थांबेल.”

खोडलं. ही चूक सर्रास होते म्हणे: गोष्ट वाईट वाटली की तिच्यावर रीइन्फोर्सिंगचा शिक्का बसतो. शिक्का वाईटपणावरून ठरत नाही, उण्यांच्या मोजणीवरून ठरतो. दोन जाड रेघा मात्र इथे हव्यातच. गाडी काढायचा निर्णय काही आठवड्यांत बदलतो, घर बांधायला वर्षं लागतात. आणि एकदा बांधलेलं घर कोंडी वाढली म्हणून उचलून आत आणता येत नाही. म्हणजे ‘वसाहती’लाही चौकट. तीही दुसरी टाकी.

१६ जून

रात्रभर एकच प्रश्न डोक्यात. आतापर्यंत तीन चक्रं झाली आणि तिन्ही बॅलन्सिंग. सगळीच मागे खेचणारी असतील तर शहरात गाड्या आणि डांबर दोन्ही वाढतच जातात ते कशामुळे?

सकाळी फळ्यावर फक्त दोनच चक्रं ठेवून पाहिली. डावीकडे रुंदीकरण, उजवीकडे ‘मोकळा दिसला की निघा’, आणि दोघांच्या मधोमध सामाईक ‘वेळ’. इंग्रजी आठचा आकडा आडवा पडल्यासारखं दिसतं. मग पूर्ण आठावरून बोट फिरवलं: क्षमता वाढली, वेळ घटला (उणे), ओढ वाढली (उणे), वाहतूक वाढली, वेळ वाढला, तक्रारी वाढल्या, कामं निघाली, क्षमता आणखी वाढली. उणे दोन. निघाल्यापेक्षा जास्त क्षमता घेऊन परत आलो!

म्हणजे दोन्ही पाकळ्या मागे खेचणाऱ्या, पण एकत्र फिरवल्या की पुढे ढकलणाऱ्या. दोन शेजारी एकमेकांपेक्षा मोठा आवाज काढायला लागले की असंच होतं. प्रत्येकजण फक्त आपलं बरोबर करत असतो, आणि आवाज दोघांचाही चढत जातो.

का होतं तेही सापडलं. दोन्ही चक्रं एकाच गोष्टीला आपापल्या ठिकाणी आणू पाहतायत आणि ती ठिकाणं वेगळी आहेत. रस्ते बांधणाऱ्यांना वेळ २२ मिनिटांवर हवाय. गाडी चालवणारे मात्र ३० मिनिटं सहन करायला तयार आहेत. ३० च्या खाली वेळ गेला की चालक रस्ता भरायला लागतात, २२ च्या वर गेला की बांधकाम सुरू होतं. दोघंही एकदम समाधानी होतील असा आकडाच नाही. वेळ मधेच कुठेतरी लोंबकळत राहतो आणि वाढत जातात त्या दोन टाक्या, कारण क्षमता उतरत नाही आणि वसाहती हलत नाहीत.

आतापर्यंत आकृतीत ही उद्दिष्टं नव्हतीच. आज दोन नवे शब्द जोडले: ‘प्रशासनाला हवा असलेला वेळ’ आणि ‘चालकांना सोसवणारा वेळ’. बॅलन्सिंग चक्राला उद्दिष्ट लिहिलं नाही तर ते कुठे थांबणार ते कळत नाही.

२०११ मध्ये ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या महानगरांचा अभ्यास छापला. तिथे आंतरराज्य महामार्गांच्या लेनची लांबी ज्या प्रमाणात वाढली, साधारण त्याच प्रमाणात त्यांच्यावर गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढलं होतं. आमच्या उजव्या पाकळीला याहून बळकट आधार नको.

२० जून

बस. इथे खरी रीइन्फोर्सिंग चक्रं मिळाली, एकाच बोटफेरीत.

पहिलं: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवणं परवडतं, फेऱ्या वाढल्या की थांब्यावर ताटकळणं कमी होतं, ते कमी झालं की प्रवासी वाढतात. फेऱ्यांकडून ताटकळण्याकडे उणे, ताटकळण्याकडून प्रवाशांकडे उणे. दोन. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये हेच दाखवलं होतं. बस दर २० मिनिटांनी असेल आणि माणूस घड्याळ न बघता थांब्यावर आला, तर सरासरी १० मिनिटं थांबतो. फेऱ्या कापून बस ३० मिनिटांनी केली की १५. ही पाच मिनिटं बसची गती न बदलता वाढली. त्यामुळे काही प्रवासी सुटतात, उत्पन्न घटतं आणि पुढच्या कपातीचं कारण तयार होतं. तेच चक्र, उलटं फिरणारं. रीइन्फोर्सिंगला दिशा नसते. ज्या बाजूला धक्का दिला त्या बाजूला ते जातं.

दुसरं: वाहतूक वाढली की बस मंदावते, बस मंदावली की बसची ओढ कमी होते, ती कमी झाली की गाड्या वाढतात, म्हणजे वाहतूक आणखी वाढते. इथेही उणे दोन.

आता रुंदीकरण आणि हे पहिलं चक्र जोडून पाहिलं तर जरा अंगावर येणारी शक्यता दिसते. रस्ता रुंद झाला, बसमधून माणसं गाडीत गेली, फेऱ्या कापल्या, उरलेलेही गेले. शेवटी गाडीवाल्यांनाही पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. याला डाउन्स-थॉमसन विरोधाभास म्हणतात. होईलच असं नाही. बस आणि रस्ता हे एकाच टापूत एकमेकांना खरे पर्याय असले तरच. आमच्या काल्पनिक शहरात ते आहेत.

बसची वेगळी लेन हा उपाय गटाला आवडतो. आकृतीत तो कुठे बसतो? वाहतुकीकडून बसच्या वेळेकडे जाणारा बाण तो तोडतो. दुसरं चक्र तिथेच सुटतं. पण ती लेन आहे त्याच रस्त्यातून काढली तर गाड्यांची क्षमता त्याच दिवशी घटते, तो बाणही काढायला हवा. आधी विसरलो होतो, सरांच्या पेन्सिलीने आठवण करून दिली.

२४ जून

‘किंमत’ ही चिठ्ठी परत भिंतीवर आली. उजव्या पाकळीत आत्तापर्यंत लोकांना थोपवणारी एकच गोष्ट होती, वेळ. गर्दीच्या वेळी शुल्क लावलं तर दुसरी येते, आणि रस्ता मोकळा राहूनही ओढ वाढत नाही. स्टॉकहोममध्ये २००६ च्या जानेवारी ते जुलै असा प्रयोग झाला. शुल्काच्या सीमेवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने घटली, प्रयोग संपताच बरीचशी परत आली, आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचं झालं. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाणाची खूण तपासायला एवढी साफ संधी क्वचित मिळते.

उरलेली पार्किंगची चिठ्ठी बाजूला ठेवली. तिचं स्वतंत्र चक्र आहे, पण या प्रश्नाला लागत नाही.

२७ जून

साफसफाई. बावीस शब्द उरले होते, चौदावर आणले. ‘इंधनखर्च’ आणि ‘प्रदूषण’ गेले, कारण त्यांच्याकडून परत येणारा बाण आम्हाला काढता आला नाही. फक्त आत येणारे बाण असलेला शब्द म्हणजे परिणाम, तो चक्रात नाही. लोकसंख्या उलट कारणाने कडेला गेली: तिच्यातून बाण बाहेर जातात, आत काहीच येत नाही. शहर का वाढतंय हे आम्ही समजावत नाही आहोत, ते वाढतंय असं धरून चाललोय. हे आकृतीच्या कोपऱ्यात लिहिलं.

कोणतं चक्र कधी जोरात असेल, हे आकृती सांगत नाही. बाणांना जाडी नसते. तिथपासून पुढे समीकरणं घालून सिम्युलेशन करावं लागेल, आणि त्यासाठी आधी चालकांना किती मिनिटं सोसवतात हे विचारावं लागेल. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मैत्रिणीकडे आहे. पहिला प्रश्न तिने असा लिहिलाय: “रस्ता दहा मिनिटांनी जलद झाला तर त्या दहा मिनिटांचं तुम्ही काय कराल?” पर्यायांत ‘उशिरा निघेन’ हा तिने सगळ्यात वर ठेवलाय.

सरांनी शेवटच्या प्रतीवर फक्त एक खूण केली. आडव्या आठाच्या मधोमध, ‘वेळ’ या शब्दाखाली, दोन आकडे लिहिले: २२ आणि ३०.